निरंकाचे पाप

१८४३ साली लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर नावाच्या वैद्याने, गरोदरपणी झटके येऊन बेशुद्ध पडलेल्या स्त्रियांची लघवी काचेच्या नळीत घेऊन ज्योतीवर धरली आणि ती गढूळ होऊन गोठू लागलेली पाहिली. त्या काळी रक्तदाब मोजण्याचे यंत्र नव्हते, आजच्यासारखी प्रयोगशाळा नव्हती, सोनोग्राफी तर कल्पनेतही नव्हती. तरीही गर्भवतीच्या प्राणावर बेतणाऱ्या एका व्याधीची खूण मूत्रपिंडातून झिरपणाऱ्या प्रथिनात सापडते, हे त्या माणसाने जगापुढे मांडले. पुढे हीच तपासणी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आली. नळी, दिवा आणि ॲसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब एवढ्या सामग्रीवर परिचारिका ती करीत असत. आता तर नळीही नको आणि ज्योतही नको. लघवीत बुडवायची, साठ सेकंद थांबायचे आणि बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायची, अशी एक बोटभर पट्टी मिळते. अशी सोपी, स्वस्त आणि जवळजवळ दोनशे वर्षे ठाऊक असलेली तपासणी ज्या देशात प्रत्येक गर्भवतीच्या प्रत्येक भेटीत व्हावी असा सरकारी नियम आहे, त्या देशात ती होते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोणत्याही तालुक्यातल्या अनुभवी परिचारिकेला एकांतात विचारावे. कार्डावर ती नेहमी होते. बाईवर ती कधीकधी होते.

माता व बाल संरक्षण कार्डावर लघवीतील अल्ब्युमिनसाठी स्वतंत्र जागा आहे. पट्ट्या संपलेल्या असोत, बाटलीचे झाकण महिनाभर उघडे राहून दमट हवेने पट्ट्या निकामी झालेल्या असोत, केंद्रातल्या संडासाला कडी नसल्यामुळे बाईने नमुना द्यायचे नाकारलेले असो, ती जागा रिकामी राहिली तर वरिष्ठांचा शेरा येतो. म्हणून तिथे एक शब्द पडतो : ‘निरंक’. न केलेल्या तपासणीचा हा निकाल आहे, आणि कोऱ्या जागेपेक्षा तो शतपटीने घातक आहे. कोरी जागा पाहून पुढच्या डॉक्टरला निदान शंका येते. निरंक पाहून तो निश्चिंत होतो. आम्ही त्या एकट्या परिचारिकेला फासावर चढवू इच्छित नाही. तिच्या खांद्यावर लसीकरण, सर्वेक्षण आणि ऑनलाइन नोंदींचा डोंगर आहे. कागद भरला की काम झाले, असे तिला शिकवणारी वरपासून खालपर्यंतची शासनव्यवस्था या पापाची खरी धनी आहे.

आता या एका शब्दाने नेमके काय बुडते, ते पाहू. मूत्रपिंड ही रक्ताची चाळणी. निरोगी चाळणीतून पाणी आणि क्षार जातात, प्रथिने आतच राहतात. गर्भधारणेत या चाळणीवरचा भार पहिल्या तिमाहीपासूनच सुमारे दीडपट होतो आणि निरोगी स्त्री तो सहज पेलते. प्रीएक्लॅम्प्सिया या व्याधीत दुखणे सुरू होते ते वारेत. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत नीट न रुजलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडते की तिच्या सर्वांगातील रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. रक्तदाब चढतो, मूत्रपिंडाची सूक्ष्म छिद्रे सैल होऊन प्रथिने लघवीत उतरतात, आणि पुढे यकृत, मेंदू, फुप्फुसे यांवर घाव पडतो. पण ही व्याधी गर्भधारणेच्या विसाव्या आठवड्यानंतर प्रकट होते. अगदी क्वचित अपवाद सोडले, तर तत्पूर्वी सातत्याने लघवीत प्रथिने दिसणे म्हणजे वारेचा दोष नव्हे. ती स्त्री गरोदर राहण्याआधीपासूनच मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रस्त असल्याची ती खूण आहे. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतली लघवीची तपासणी ही नुसती एक तपासणी नाही. पुढे येणाऱ्या प्रत्येक निकालाचा अर्थ तिच्यावरून ठरतो. ती चुकली की चुकलीच. तिसाव्या आठवड्यात बाराव्या आठवड्याची लघवी कोणालाही तपासता येत नाही.

एक स्त्री डोळ्यांसमोर आणा. ही कोणा एकीची कहाणी नव्हे, पण जिल्हा रुग्णालयात रात्रपाळी केलेला प्रत्येक डॉक्टर हिला ओळखेल. चोवीस वर्षांची पहिलटकरीण. दहाव्या आठवड्यात सासरच्या गावी नाव नोंदले गेले. रक्तदाब १२६/८२, लघवी ‘निरंक’. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, फुलांची वाडी भरली, धनुष्यबाण हाती देऊन फोटो निघाले आणि बाई माहेरी आली. त्या फोटोंत चेहरा सुजलेला दिसतो आहे, बोटातली अंगठी निघेनाशी झाली आहे. पण “अंगावर आली गं पोर, मुलगाच होणार” एवढ्यावर त्या सुजेचे निदान उरकले. तिसाव्या आठवड्यात तालुक्याच्या रुग्णालयात रक्तदाब १५६/१०४ निघाला, चार तासांनी पुन्हा मोजला तरी तेवढाच, आणि पट्टी गर्द हिरवी होऊन तीन अधिक दाखवू लागली. रक्तातले क्रिएटिनीन १.३. आता डॉक्टरांपुढचा प्रश्न असा की ही निरोगी मूत्रपिंडावर आलेली प्रीएक्लॅम्प्सिया, की लहानपणापासूनचा मूत्रपिंडाचा विकार गर्भाच्या भाराखाली वर आला, की जुन्या विकारावर नवी व्याधी स्वार झाली?

हा तर्कशास्त्राचा खेळ नाही. पहिल्या प्रकारात आईला वाचवण्याचा अंतिम उपाय एकच, तो म्हणजे वार शरीराबाहेर काढणे, अर्थात प्रसूती. व्याधी तीव्र झाली तर तिसाव्या आठवड्याचे मूल बाहेर काढून ते काचेच्या पेटीत जगवण्याची शिकस्त करावी लागते. निव्वळ जुना विकार असेल आणि तो स्थिर असेल, तर गर्भावस्थेत चालणाऱ्या औषधांनी रक्तदाब सांभाळून, आठवड्याला रक्त-लघवी पाहून मुलाला आणखी कित्येक आठवडे पोटात वाढू देता येते. तिसाव्या आणि चौतिसाव्या आठवड्यांतले अंतर हे मुलाच्या फुप्फुसांच्या दृष्टीने फार मोठे असते. मोठ्या शहरात सोनोग्राफीवर मूत्रपिंडे आकसलेली आहेत का, लघवीत तांबड्या पेशींचे साचे आहेत का, प्लेटलेट घसरल्या आहेत का, यकृताची विकरे चढली आहेत का, यांवरून माग काढता येतो; वारेतून सुटणाऱ्या द्रव्यांची महागडी रक्तचाचणीही निघाली आहे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर दहाव्या आठवड्यात एका पट्टीने दिले असते, त्यासाठी तिसाव्या आठवड्यात मध्यरात्री रुग्णवाहिका धावते. आणि कार्डावरचा तो खोटा ‘निरंक’ डॉक्टरला सांगत असतो की बाई आधी ठणठणीत होती. दिशाभूल याहून वेगळी काय असते?

क्रिएटिनीनच्या त्या १.३ आकड्याकडेही पाहा. प्रयोगशाळेच्या छापील अहवालात शेजारी ‘सामान्य मर्यादा’ म्हणून जे आकडे असतात, ते गरोदर नसलेल्या माणसांचे असतात. त्यांच्या हिशेबात १.३ म्हणजे काठावरचा आकडा. अहवालावर ठळक खूणही येत नाही, आली तर कोणी दचकत नाही. परंतु गरोदरपणात चाळणी दीडपट वेगाने चालत असल्यामुळे निरोगी गर्भवतीचे क्रिएटिनीन अर्ध्याच्या आसपास, साधारण ०.४ ते ०.८ या टप्प्यात उतरते. तिच्या बाबतीत ०.९ हा आकडाच भुवई उंचावायला लावणारा आहे आणि १.३ ही उघड धोक्याची घंटा आहे. गर्भवतीचा अहवाल पुरुषाच्या मापाने वाचणारी प्रयोगशाळा आणि तो डोळे मिटून फाईलला लावणारा डॉक्टर, दोघेही या गाफीलपणाचे भागीदार आहेत.

जुना मूत्रपिंडविकार असलेल्या स्त्रीला प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका निरोगी स्त्रीपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. विकार अगदी प्राथमिक टप्प्यातला, क्रिएटिनीन बिलकूल न वाढलेले असले तरीही हा धोका वाढलेला असतो. लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब जितके अधिक, तितका तो गडद होतो. गर्भधारणेपूर्वीच क्रिएटिनीन १.४ च्या वर असेल, तर बाळंतपणानंतर मूत्रपिंडाची ताकद कायमची घटण्याचा संभव लक्षणीय वाढतो. पण हा धोका आधी कळला तर हात बांधलेले नसतात. अशा स्त्रीला बाराव्या आठवड्यापासून, उशिरात उशिरा सोळाव्यापर्यंत, डॉक्टरच्या सल्ल्याने रोज रात्री ॲस्पिरिनची अल्प मात्रा सुरू करता येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ नावाच्या मोठ्या अभ्यासात धोका अधिक असलेल्या स्त्रियांना दीडशे मिलिग्रॅम दिल्यावर मुदतपूर्व प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. औषध जुने, गोळी स्वस्त. मात्र वार रुजण्याचा काळ उलटून गेल्यावर तिचा उपयोग जवळपास उरत नाही. आमच्या त्या चोवीस वर्षांच्या पहिलटकरणीसाठी ती खिडकी दहाव्या आठवड्यात उघडी होती. ‘निरंक’ लिहिणाऱ्या हाताने ती बंद केली.

सरकारला झोडपून घरादाराने मोकळे व्हावे, असे आम्ही होऊ देणार नाही. मुलीला लहानपणी अंगावर सूज येऊन लघवीतून प्रथिने जात होती, वर्षभर स्टिरॉइडच्या गोळ्या चालल्या होत्या, किंवा तिचे एकच मूत्रपिंड काम करते, ही गोष्ट लग्न जमवताना दडवायची, कांदेपोह्यांच्या ताटापुढे ‘कसली म्हणून तक्रार नाही’ अशी ग्वाही द्यायची, आणि पुढे गरोदरपणात डॉक्टरने पूर्वीचा आजार विचारला की शेजारी बसलेल्या सासूच्या धाकाने मुलीने मान हलवायची, ही आमच्या प्रतिष्ठित घरांतली रीत आहे. त्याहून भयंकर प्रकार पुढे आहे. मूत्रपिंडाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला एरवी दिली जाणारी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना मारक आहेत. गर्भधारणा ठरवतानाच डॉक्टरला विचारून ती लॅबेटालॉल, निफेडिपीन किंवा मिथिलडोपा यांसारख्या औषधांनी बदलावी लागतात. जी मुलगी सासरी गोळी लपवून घेते, ती हे कोणाला विचारणार? आणि जी भीतीने सगळ्याच गोळ्या टाकून देते, तिच्या चढलेल्या रक्तदाबाला जबाबदार कोण? घराण्याची अब्रू!

शिकलेल्या शहरी मंडळींनीही हसू नये. खासगी रुग्णालयात गर्भाची रंगीत छायाचित्रे काढून त्यांचा अल्बम होतो, पाच-पाच सोनोग्राफ्या होतात, आणि लघवीची पट्टी मात्र ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून राहून जाते. कारण त्या पट्टीत ना छायाचित्र आहे ना बिल. पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे दुखू लागले, उलटी झाली, तर ‘पित्त झाले’ म्हणून घरच्या घरी गोळी घेतली जाते. ते दुखणे यकृताला आलेल्या सुजेचे असू शकते. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज चढणे, यांपैकी काहीही विसाव्या आठवड्यानंतर झाले तर त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी पाहिलीच पाहिजे. आणि ज्यांच्यावर झटके येण्याची वेळ येते, त्यांच्याबाबत अजूनही ‘बाहेरचे आहे’ म्हणून देवऋषाकडे धाव घेणारी घरे या फुल्यांच्या महाराष्ट्रात आहेत, हे लिहिताना लाज वाटते.

आणि सर्वांत खाली कोण? दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडून टोळीबरोबर निघून, कोयता खांद्यावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जाणारी ऊसतोड स्त्री. तिच्या गर्भाशयावर शस्त्रक्रिया होत होत्या तेव्हा २०१९ साली विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वांना कंठ फुटला. पण तिच्या कार्डाचे काय झाले? ते गावी पत्र्याच्या पेटीत राहिले. फडावर पाणी कमी, म्हणून ती पाणी कमी पिते. आडोसा नाही, म्हणून दिवसभर लघवी रोखते. पट्टी केवळ दाटपणा मोजते, हे इथे ध्यानात घ्यावे : दाट लघवीत नसलेले प्रथिन दिसते, पातळ लघवीत असलेले लपते, जंतुसंसर्ग किंवा अंगावरचे पांढरे पाणी मिसळले तरी पट्टी फसवते. म्हणून मधल्या धारेचा नमुना घ्यावा आणि पट्टी एक अधिक जरी निघाली तरी तिथे न थांबता, त्याच नमुन्यातील प्रथिन आणि क्रिएटिनीन यांचे गुणोत्तर करून घ्यावे, ते ०.३ च्या वर गेले तर गळती खरी. त्याचप्रमाणे पट्टी कोरी आली म्हणून १५०/१०० रक्तदाबाकडे दुर्लक्ष करू नये. प्रथिने न दिसताही प्रीएक्लॅम्प्सिया असू शकते, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. एवढे ज्ञान कारखान्याच्या तळावर पोहोचवायला कोणते विमान लागते? टोळीतल्या किती मजुरांना किती उचल दिली, याचा हिशेब मुकादमाकडे पैशापर्यंत असतो. टोळीत किती गर्भवती आहेत, हे साखर कारखान्याला विचारून पाहा.

झटके आल्यावर, आणि ते येऊ नयेत म्हणूनही, मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन प्राण वाचवते. २००२ सालच्या ‘मॅगपाय’ चाचणीत, दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर, झटक्यांचा धोका त्याने निम्म्यावर आल्याचे सिद्ध झाले. मोठ्या रुग्णालयाकडे पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा, दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅम, परिचारिकेनेही द्यावी अशी सरकारी सूचना आहे आणि ती योग्यच आहे. परंतु हे औषध शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडांवाटे. मूत्रपिंडे आधीच थकलेली असतील, तर पुढच्या मात्रा रक्तात साचतात : प्रथम गुडघ्याची उडी नाहीशी होते, मग श्वास मंदावतो. म्हणून प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघा ठोकून पाहायचा, श्वास मोजायचा, लघवी तासाला तीस मिलिलिटरच्या खाली गेली नाही ना हे पाहायचे, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी उशाशी ठेवायची. ज्या स्त्रीच्या मूत्रपिंडांचा इतिहास कोणी विचारलाच नाही, तिला वाचवणारे औषधही आंधळेपणाने द्यावे लागते. तिसऱ्या महिन्यातले पाप आठव्या महिन्यात असे व्याजासह वसूल होते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पदवीसाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. त्यांच्या जयंतीला तसबिरीला हार घालणाऱ्या आरोग्यमंत्र्यांनी, सचिवांनी आणि संचालकांनी आम्हाला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. बाळंतपण पार पडल्यावर, मूल कुशीत आल्यावर, त्या बाईच्या मूत्रपिंडांची चौकशी तुमच्या कोणत्या कागदात आहे? प्रीएक्लॅम्प्सियामुळे आलेली प्रथिने बाळंतपणानंतर ओसरतात, बहुतेकींची तीन महिन्यांत जातात. नाही गेली, तर मूळचा मूत्रपिंडविकार शोधलाच पाहिजे. नॉर्वेतील नोंदींच्या आधारे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या गरोदरपणी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या चौपटीहून अधिक आढळले. प्रत्यक्ष आकडा लहान आहे, प्रत्येकीने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ज्या थोड्या स्त्रिया त्या वाटेने जातात, त्यांना वाटेवर अडवण्याची ही एकमेव संधी आहे. आमच्याकडे बाळाच्या लसीला आईला बोलावतात, तिच्या दंडावर पट्टा बांधत नाहीत. दहा वर्षांनी ती डायलिसिसच्या खाटेवर सापडते आणि केसपेपरवर ‘कारण अज्ञात’ असे लिहिले जाते. अज्ञात कसले? कोणी विचारले नाही, एवढेच.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो; २०१६ पासून तो साजरा होतो, फलक लागतात, छायाचित्रे निघतात. आमची मागणी अशी की येत्या ९ तारखेला प्रत्येक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक उपकेंद्रावरच्या पट्ट्यांच्या बाटल्या मोजाव्यात, त्यांवरच्या मुदतीच्या तारखा वाचाव्यात, आणि गेल्या तीन महिन्यांत खर्ची पडलेल्या पट्ट्यांची संख्या त्याच काळात कार्डांवर चढलेल्या निकालांच्या संख्येशी ताडून पाहावी. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर त्यांतील फरक जाहीर करावा. पहिल्या भेटीची लघवी आणि क्रिएटिनीन सक्तीचे करावे. बाळंतपणात रक्तदाब वाढलेल्या प्रत्येक स्त्रीला तिसऱ्या महिन्यात बाळाच्या लसीसोबतच रक्तदाब व लघवीसाठी बोलावण्याचा आदेश काढावा. यासाठी नवे रुग्णालय नको, परदेशी कर्ज नको, समिती तर मुळीच नको. हे ज्या अधिकाऱ्याला जमत नसेल, त्याने खुर्ची सोडावी.